चाचणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

२०२०च्या ऑगस्टअखेरीस पुण्यात कोविशिल्ड लशीची चाचणी सुरू झाली. सीरम इन्स्टिट्यूटची ही चाचणी देशातल्या अनेक रुग्णालयांत झाली आणि त्यांत म्हैसूरचं जेएसएस रुग्णालयही होतं. सुमारे १६०० जणांनी भाग घेतला. त्यांपैकी १२०० जणांच्या गटात तिघांना लस, तर एकाला प्लासिबो, असं प्रमाण ठरलं होतं. म्हणजे ९०० जणांना लस आणि ३०० जणांना औषधी गुण नसलेलं इंजेक्शन. चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. अशा चाचणीचं बोलावणं उद्या तुम्हाला आलं, तर समोरच्या कागदाचा अर्थ काय, एवढंच आज सांगतो.

पहिली गोष्ट रँडमायझेशनची. कोणाला लस आणि कोणाला प्लासिबो, हे ना तुम्ही ठरवता, ना डॉक्टर. ते संगणकानं आधीच तयार केलेली यादी ठरवते. डॉक्टरांवर सोपवलं, तर ते नकळत ठणठणीत माणसांना लस देतील, किंवा उलट, ज्यांची काळजी वाटते त्यांना देतील. मग शेवटी दिसलेला फरक लशीचा की माणसांचा, हे कळायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली की वय, मधुमेह, घरातली गर्दी आणि ज्यांचा आपल्याला पत्ताही नाही अशा गोष्टीसुद्धा दोन्हीकडे साधारण सारख्या विखुरतात. साधारण म्हणतो, कारण वीस-तीस माणसांत नशिबानं तोल जाऊ शकतो. म्हणून माणसं पुरेशी लागतात.

इथे एक बारकावा आहे. प्रमाण टिकावं म्हणून यादी बहुधा लहान लहान तुकड्यांत करतात. समजा, प्रत्येक तुकडा चौघांचा आहे, त्यात तीन लशी आणि एक प्लासिबो. पहिल्या तिघांना लस मिळाली हे कोणाला कळलं, तर चौथ्याला प्लासिबोच मिळणार हे उघड झालं. मग कोणी आपल्या नात्यातल्या माणसाला म्हणेल, ‘आज नको, उद्या ये.’ हे टाळण्यासाठी तुकड्यांचा आकार बदलता ठेवतात आणि यादी केंद्रावरच्या डॉक्टरांच्या हाती देत नाहीत.

दुसरी गोष्ट प्लासिबो. ‘मग मला फसवणार का?’ असं अनेकजण विचारतात. नाही. प्लासिबो मिळू शकतो, हे कागदावर आधीच लिहिलेलं असतं. त्याची गरज का, ते एका आकड्यावरून कळेल. कोविड लशींच्या बारा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्लासिबो घेणाऱ्यांतल्या सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या. प्लासिबोचा गटच नसता, तर लस घेणाऱ्यांच्या अशा सगळ्या तक्रारी लशीच्या नावावर मांडल्या गेल्या असत्या. मात्र एखाद्या आजारावर चांगलं औषध हाताशी असताना ते काढून घेऊन नुसता प्लासिबो देणं, आणि त्यानं माणसाला गंभीर धोका होणं, हे नीतीला धरून नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये कोविडवर सिद्ध झालेली लस नव्हती, म्हणून तो गट ठेवता आला.

तिसरी गोष्ट ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय मिळालं हे झाकून ठेवणं. कोविशिल्डच्या या चाचणीत भाग घेणाऱ्याला आणि त्याच्या तक्रारी नोंदवणाऱ्याला ते माहीत नव्हतं. अशा पद्धतीत इंजेक्शन तयार करणारा माणूस वेगळा असतो. त्याला ठाऊक असतं, पण तो नंतरच्या तपासणीत पडत नाही. हे झाकण पक्कं नसतं. रात्री ताप चढला, हात दुखला, की माणूस मनाशी म्हणतो, ‘मला लसच मिळाली.’ म्हणून काही चाचण्यांत शेवटी सगळ्यांना विचारतात, ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ बरोबर उत्तरं फार निघाली, तर निकाल जपून वाचावा लागतो.

आता सहीपूर्वी विचारायचे प्रश्न. मला लस मिळण्याची शक्यता किती? मी गंभीर आजारी पडलो, तर मला काय दिलं होतं हे तातडीनं उघड कोण करणार, आणि रात्री फोन कुठे करायचा? चाचणी चालू असताना लशीला मंजुरी मिळाली, तर प्लासिबोवाल्यांना ती देणार का आणि कधी? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे ही जबाबदारी चाचणी करवून घेणाऱ्यावर आहे.

म्हैसुरात राहणाऱ्या मराठी माणसाला कन्नड कागद नीट वाचता येत नसेल, तर मराठीतला मागावा. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घरी न्यावी. आणि नंतर मन बदललं, तर कारण न सांगता बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.