संकष्टी आणि सकाळची गोळी



उपवास करावा की करू नये, हा वाद घेऊन आम्ही येथे उभे नाही. मधुमेही माणसाने संकष्टी धरली म्हणजे त्याची सकाळची गोळी आणि रात्रीचे ताट यांत जे अंतर पडते, तेवढ्याचाच आज विचार करू.

आमच्याकडे येणारे एक साठीचे गृहस्थ घ्या. न्याहारीपूर्वी ग्लिमेपिराइडची गोळी घेण्याचा त्यांचा परिपाठ. संकष्टीलाही ती त्यांनी घेतली. पोटात मात्र कपभर चहाच गेला. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते; जेवण झाले की नाही, हे ती पाहत नाही. दुपारी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, नातीला ते भलत्याच नावाने हाक मारू लागले. सुनेने बोट टोचून साखर पाहिली, ती 58 भरली. "चंद्रोदय साडेनवाला आहे, तोवर थांबू," असे ते म्हणाले. सुनेने ऐकले नाही, हेच बरे झाले. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तिने पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले. आकडा 82 झाल्यावर तिने त्यांना पोळीभाजी खाऊ घातली. कारण या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, आणि नुसत्या साखरेने चढलेला आकडा पुन्हा उतरू शकतो.

तेव्हा मर्यादा आधीच ठरवून ठेवावी. साखर 70 च्या खाली आली, तर उपवास त्याच क्षणी सोडावा. 300 च्या वर गेली, तरीही सोडावा आणि डॉक्टरांना गाठावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.

पुढच्या संकष्टीपूर्वी ते गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही त्यांची गोळी सकाळची काढून चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर दिली, तीही कमी मात्रेची. असा बदल प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. इन्शुलिन घेणाऱ्याने तर ते आपल्या मनाने कधीच बंद करू नये.

राहिला फराळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ताटभर खिचडीने साखर भराभर चढते. त्याऐवजी दुपारी लहान वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दही घ्यावे. दिवसभर पाणी प्यावे. दुपारी आणि चंद्रोदयापूर्वी, तसेच अस्वस्थ वाटेल तेव्हा, साखर मोजावी.

बोट टोचल्याने उपवास मोडेल, अशी शंका आम्हांला पुष्कळजण विचारतात. रक्ताचा थेंब काही अन्न नव्हे. आणि साखर 58 असताना घेतलेले साखरपाणी हे औषधच होय.