खाती किती असावीत? दोन पुरेत, पण दोन्ही चालती हवीत

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या ताया सभेला नव्हत्या, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज तुमच्या पासबुकांबद्दल बोलायचं आहे. घरी गेल्यावर पत्र्याच्या पेटीतून, देवाच्या फोटोमागून, तांदळाच्या डब्यातून सगळी पासबुकं काढून एका जागी ठेवा आणि मोजा. आपल्या भागात बहुतेकींच्या हाती तीन-चार तरी लागतात. एक २०१४-१५ साली शिबिरात उघडलेलं जनधनचं. एक रोजगार हमीच्या मजुरीसाठी ग्रामीण बँकेचं. एक धानाच्या चुकाऱ्यासाठी किंवा पीककर्जासाठी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं. आणि एक पोस्टमन दादाने अंगठा घेऊन उघडून दिलेलं पोस्ट पेमेंट्स बँकेचं. कोणतंही खातं चुकीचं नव्हतं, प्रत्येक वेळी कोणीतरी "हे लागेल" म्हणून सांगितलं होतं. प्रश्न एवढाच आहे की आज त्यातली चालू किती, आणि नुसती पडून किती.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. सरकारचे पैसे थेट खात्यात येतात, त्याला डीबीटी म्हणतात. हे पैसे बऱ्याच योजनांत तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावरून येतात. दिल्ली-मुंबईकडे एक मोठी यादी असते, ती एनपीसीआय नावाची संस्था सांभाळते. त्या यादीत तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांकही नसतो, फक्त बँक असते. तुम्ही नवीन बँकेत खातं उघडलं आणि "सरकारी पैसे या खात्यात यावेत" अशी संमती दिली, की जुन्या बँकेचं नाव पुसून नवीन लिहिलं जातं. अंगठा देताना ही संमतीही दिली गेली हे पुष्कळदा आपल्या लक्षातच येत नाही.

आता ऑगस्ट २०२४ आठवा. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये पहिल्यांदा आले, तेव्हा राज्यभर बँकांसमोर रांगा लागल्या. "पैसे आले म्हणतात, पण माझ्या पासबुकात काहीच नाही," असं म्हणणाऱ्या बाया गावोगाव होत्या. त्यातल्या अनेकींचे पैसे आलेले होते, पण ज्या खात्याकडे वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं त्यात. काहींच्या बाबतीत त्या जुन्या खात्यावरची थकलेली फी किंवा कर्जाची बाकी आधी कापली गेली आणि हातात कमी रक्कम आली. बँकांनी असे पैसे वळते करू नयेत, असं शेवटी सरकारला सांगावं लागलं. एक पडून राहिलेलं खातं काय करू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही.

अजून एक फरक लक्षात ठेवा. आधार खात्याला 'जोडलेलं' असणं वेगळं, आणि ते त्या यादीत असणं वेगळं. तुमच्या चारही खात्यांना आधार जोडलेलं असू शकतं. म्हणूनच मशीनवर बँकेचं नाव निवडून अंगठ्याने कोणत्याही खात्यातून पैसे काढता येतात. पण सरकारी पैसे येतात ते यादीतल्या एकाच बँकेत. बँकेत जाऊन नुसतं "माझं आधार लिंक आहे का?" विचारलं तर साहेब "हो" म्हणतील, आणि ते खरंही असेल. विचारायचं असं: "माझ्या आधारला डीबीटीसाठी कोणती बँक लागलेली आहे?" आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर myAadhaar च्या पानावर Bank Seeding Status मध्ये हे स्वतःला पाहता येतं. बँक सखीला सांगितलं तर ती पाहून देईल.

आता खर्चाकडे येऊ. "पडून आहे तर पडून राहू दे, काय खातं ते?" असं आपण म्हणतो. चला, हिशोब मांडू. समजा एका ताईचं एक साधं बचत खातं आहे, जनधनचं नाही. त्यात १००० रुपये आहेत. एटीएम कार्डाची वर्षाची फी १५० रुपये धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७. मेसेजचे तिमाहीला १५ रुपये, वर्षाचे ६०, जीएसटी धरून साधारण ७१. हे झाले २४८. प्रत्येक बँकेचा दर वेगळा असतो, पण कापण्याची रीत हीच. आणि मिळतं काय? अडीच टक्के व्याज धरलं तर वर्षाचे २५ रुपये. म्हणजे दहापट जातात आणि एक पट येतात.

त्याच ताईने दोन्ही खात्यांवर विम्याचे फॉर्म भरले असतील तर आणखी ऐका. जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये, दोन्ही मे अखेर खात्यातून आपोआप जातात. पण एका माणसाला प्रत्येक विमा एकाच खात्यातून मिळतो. दोन खात्यांतून हप्ता गेला तरी घरच्यांना २ लाखच मिळणार, ४ लाख नाही. दुसऱ्या खात्यातून गेलेले ४५६ रुपये वाया. उलटंही होतं. विमा ज्या खात्यावर आहे त्यात मे महिन्यात पैसेच नसतात, हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. ताई मात्र समजून असते की आपला विमा चालू आहे. हे कळतं ते घरात दुःख झाल्यावर.

आणि खातं सुरळीत करायला तालुक्याला जावं लागलं तर? रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. एक दिवस बुडाला, वर गाडीभाडं. "लिंक नाही, उद्या या" म्हटलं तर दोन दिवस.

नियम काय म्हणतो तेही सांगते. दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने टाकलेलं व्याज आणि बँकेने कापलेली फी हे तुमचे व्यवहार धरत नाहीत. म्हणून पासबुकात नोंदी दिसतात आणि तरी खातं निष्क्रिय असतं. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासूनचे नियम मात्र आपल्या बाजूचे आहेत. निष्क्रिय खात्यावर कमी शिल्लक म्हणून दंड लावता येत नाही, आणि खातं पुन्हा चालू करायला पैसे घेता येत नाहीत. फक्त केवायसीचे कागद द्यावे लागतात. कोणी फी मागितली तर हा नियम सांगा आणि पावती मागा. दहा वर्षं कोणीच विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. ती बुडत नाही, बँकेत अर्ज करून परत मिळते. सासूबाईंचं किंवा वारलेल्या माणसाचं असं खातं शोधायचं असेल तर udgam.rbi.org.in वर नाव टाकून शोधता येतं.

पैशापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. न वापरलेल्या खात्याला जुना मोबाईल नंबर असतो. त्यात काय आलं, काय गेलं, याचा मेसेज तुम्हाला येतच नाही. मग कोणीतरी येतो आणि म्हणतो, "ताई, हे खातं तुम्ही वापरत नाही ना? पासबुक आणि कार्ड मला द्या, महिन्याला दोन-तीन हजार देतो." असं खातं ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरतात. पोलिसांना त्या खात्यावर नाव तुमचं दिसतं, त्या माणसाचं नाही. नात्यातला असो की गावातला, पासबुक, कार्ड आणि खात्याचं सिम कोणालाही देऊ नका. दिलं गेलं असेल तर आजच बँकेत कळवा आणि १९३० या नंबरवर फोन करा.

मग किती खाती ठेवावीत? माझं म्हणणं, दोन. पहिलं 'येण्याचं' खातं. त्याच्यावर डीबीटी, मजुरी, तेंदूपत्त्याचे पैसे, विमा सगळं असावं. ते शक्यतो जनधन म्हणजे मूलभूत बचत खातं असावं, कारण त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्यात चार वेळा पैसे काढायला फी नाही. मात्र ज्या बँकेत मूलभूत खातं आहे, तिथेच दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दुसरं 'ठेवण्याचं' खातं, वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात, जिथे हात सहज जाणार नाही. पोस्टात निदान ५०० रुपये शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर वर्षअखेरीला फी कापतात. पीककर्ज सहकारी बँकेत असेल तर तिसरं खातं ठेवावंच लागेल, त्याला इलाज नाही. गटाचं खातं यात मोजू नका, ते गटाचं आहे.

काही ताया म्हणतात, एक बँक बुडाली तर? म्हणून चार ठिकाणी ठेवते. एका बँकेत एका माणसाचे ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्याने सुरक्षित असतात, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. तेव्हा आपल्या रकमेसाठी चार बँकांची गरज नाही.

आता बंद कसं करायचं. घाई करू नका, क्रम महत्त्वाचा आहे. आधी पासबुक भरून घ्या आणि गेल्या वर्षभरात काय आलं, काय कापलं, ते ओळीने पाहा. गॅसचं अनुदान, मुलीची शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन, कर्जाचा हप्ता यातलं काही दिसलं तर ते आधी दुसरीकडे वळवा. डीबीटी याच बँकेला लागलेली असेल तर ठेवायच्या खात्याच्या बँकेत संमतीचा फॉर्म द्या, आणि एक हप्ता तिथे प्रत्यक्ष आल्याशिवाय जुनं बंद करू नका. नंतर विम्याचा आपोआप हप्ता लेखी थांबवा. मग बंद करण्याचा अर्ज, पासबुक, कार्ड आणि उरलेले चेक घेऊन शाखेत जा. पासबुकाची झेरॉक्स घरी ठेवा. खातं वर्षाच्या आतलं असेल तर बंद करायची फी लागू शकते, आधी विचारा. शेवटी अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नाही तर खातं बंद झालं असं मानू नका.

बँकेचं नाव बदललेलं पासबुक असेल तर घाबरू नका. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. खातं तेच, पैसे तेच. पण पासबुक बदलून घ्या आणि नवीन आयएफएससी कोड लिहून ठेवा.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: बँकेचं नाव, शेवटचा व्यवहार कधी केला, मोबाईल नंबर कोणता दिला आहे आणि वारसदार म्हणून कोणाचं नाव आहे. खाते क्रमांक आणि पिन लिहू नका. त्या कागदावरून कोणतं ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं ते आपण एकत्र बसून ठरवू, आणि बँकेत जायचं तर पाच-सहा जणी एकाच दिवशी जाऊ, म्हणजे गाडीभाडंही वाचेल.