काळ्या मास्कला नेमकं काय चिकटतं?

चारकोलचा पील-ऑफ मास्क वाळल्यावर ओढून काढला की आतल्या बाजूला बारीक टोकं उभी दिसतात. 'बघा, सगळी घाण निघाली!' असं आपल्याला वाटतं. ती पट्टी उजेडात धरून नीट पाहा. त्यात बरीचशी चेहऱ्यावरची मऊ लव असते, वरच्या थरातल्या मृत पेशी असतात आणि नाकावरच्या रंध्रांमधले तेलाचे धागे असतात. हे धागे म्हणजे घाण नव्हे. त्वचेचं तेल त्यांच्यातूनच वर येतं, आणि ते काढले तरी काही आठवड्यांत रंध्रं पुन्हा भरतात.

मग कोळसा काय करतो? विषबाधेत रुग्णालयात काही वेळा सक्रिय कोळसा पोटात देतात, कारण त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर काही विषारी द्रव्यं धरली जातात. मास्कमध्ये मात्र तोच कोळसा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या चिकट थरात अडकलेला असतो. ओढून काढण्याचं काम हा थर करतो; कोळशाचा मुख्य वाटा काळ्या रंगाचा.

त्या ओढण्यात त्वचेतला ओलावा राखणारा वरचा थरही थोडा उचकटतो. नंतर चेहरा चुरचुरतो, लाल होतो, साबणही झोंबतो. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन लावणाऱ्यांची त्वचा तर आधीच नाजूक झालेली असते. तिची सालं निघू शकतात. त्यांनी हा मास्क लावूच नये. ब्लॅकहेड्ससाठी सॅलिसिलिक ॲसिडचं सौम्य फेसवॉश सावकाश काम करतं, पण त्यात ओढाताण नसते. लावलेला मास्क दुखत असेल, तर ओढू नका. कोमट पाण्याने भिजवून सोडवा.