जॉइनिंग बोनस परत मागितला, तेव्हा मी काय केलं

मागच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. कंपनी लवकर सोडली, आता एचआर जॉइनिंग बोनस परत मागतंय, तर पूर्ण द्यावाच लागतो का? हे माझ्यासोबत झालंय. त्यामुळे आज माझाच हिशोब तुमच्यासमोर मांडतो, तारखा आणि आकड्यांसकट. कंपनीचं नाव घेणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

मी 3 जून 2024 ला पुण्यातल्या एका कंपनीत रुजू झालो. जॉइनिंग बोनस 3 लाख, पहिल्याच पगारात आला. पण हातात आले 2,06,400. बाकीचे 93,600 टीडीएसमध्ये गेले, कारण मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये होतो आणि वर सेस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याचीच आहे.

बॅकएंडच्या कामासाठी घेतलं होतं. डिसेंबरमध्ये मला रात्रपाळीच्या सपोर्टला टाकलं. दोन महिने काढले, दुसरीकडे ऑफर मिळाली आणि 10 फेब्रुवारीला राजीनामा टाकला. नोटीस 60 दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस 11 एप्रिल. 13 तारखेला एचआरचा मेल आला: ‘12 महिन्यांच्या आत नोकरी सोडत असल्यामुळे जॉइनिंग बोनसचे 3,00,000 रुपये वसूल करण्यात येतील.’

म्हणजे मिळाले दोन लाख सहा हजार आणि द्यायचे तीन लाख! मी मेल तीनदा वाचला.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे ऑफर लेटर काढून वाचलं. खरं तर हे राजीनाम्याच्या आधी करायचं असतं. माझ्या लेटरमध्ये लिहिलं होतं की रुजू झाल्यापासून 12 महिने पूर्ण होण्याआधी ‘नोकरी संपली’ तर पूर्ण रक्कम परत. राजीनामा कधी दिला याला महत्त्व नव्हतं, शेवटचा दिवस कधी याला होतं. मग मी कॅलेंडर काढलं. हाच राजीनामा 4 एप्रिलला दिला असता, तर 60 दिवसांची नोटीस 3 जूनला संपली असती आणि एक रुपयासुद्धा द्यावा लागला नसता. फक्त 53 दिवसांचा फरक! नव्या कंपनीला विचारलं, जॉइनिंग जूनपर्यंत ढकलता येईल का? ते म्हणाले, नाही. मग विचारलं, ही रक्कम तुम्ही भरून द्याल का? तिथल्या एचआरचं उत्तर होतं, ‘हे ऑफर साइन करायच्या आधी बोलायला हवं होतं.’ बरोबरच होतं तिचं.

पण एक सांभाळा. काही लेटरमध्ये ‘12 महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास’ असं असतं. तिथे नोटीस पिरियडचा हा हिशोब चालत नाही. शब्द नीट बघा.

आता कायद्याचं. मित्रांच्या ग्रुपवर लगेच सल्ले सुरू झाले, ‘अरे, बाँड इल्लीगल असतो, देऊ नको काही.’ हे चुकीचं आहे. 14 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या एका केसमध्ये निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख रुपये द्यायची अट होती, आणि कोर्टाने ती वैध ठरवली. आपल्या बाबतीत तर पैसे आपल्या खात्यात आलेले असतात, त्यामुळे ‘मी काहीच देणं लागत नाही’ ही बाजू कमजोरच. मात्र इंडियन काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 74 असं सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला, तरी करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. म्हणजे वाटाघाटीला जागा आहे ती ‘किती’ या प्रश्नात. मी वकिलाची धमकी दिली नाही. तीन लाखांसाठी मला कोर्टात जायचं नव्हतं, कंपनीलाही नव्हतं. शिवाय रिलीव्हिंग लेटर त्यांच्याकडून यायचं होतं.

मग मी कोणाशी बोललो? एचआरशी नाही. ज्या एचआरच्या मुलीने मेल पाठवला होता, तिच्या हातात काही नसतं. तिच्यासमोर एक पॉलिसी आणि एक शीट असते. अपवाद करायचा तर त्याला बिझनेसकडून कोणीतरी ‘हो’ म्हणावं लागतं. म्हणून 17 फेब्रुवारीला मी आधी मॅनेजरला गाठलं. तक्रारीचा सूर लावला नाही. म्हटलं, मी पूर्ण 60 दिवस बसणार, सुट्टी घेणार नाही, सपोर्टची सगळी डॉक्युमेंट लिहून देतो, नवीन माणूस येईपर्यंत त्याला शिकवतो. मला बोनसमध्ये फक्त उरलेल्या महिन्यांपुरतं धरा.

तो म्हणाला, ‘अरे, तू मला आधी सांगायचंस ना! मेल टाक मला, मी पुढे पाठवतो.’

माझा मेल इंग्रजीत होता, आशय असा:

‘मी 11 एप्रिलपर्यंत पूर्ण नोटीस देत आहे. तोपर्यंत 12 पैकी 10 महिने पूर्ण होतात. ज्या भूमिकेसाठी ऑफर होती ती डिसेंबरपासून बदलली, त्याचा 9 डिसेंबरचा मेल सोबत जोडला आहे. माझी विनंती अशी की वसुली उरलेल्या दोन महिन्यांच्या प्रमाणात, म्हणजे 50,000 रुपये करावी आणि ती मार्चच्या पगारातून करावी.’

बास, एवढाच. मेलमध्ये राग नव्हता आणि घरच्या अडचणी नव्हत्या. एक आकडा होता, तो कसा आला ते होतं आणि एक तारीख होती.

आता ‘मार्चच्या पगारातून’ का, ते सांगतो. बोनस मिळाला 2024-25 या आर्थिक वर्षात आणि टीडीएसही त्याच वर्षी कापला गेला. वसुली 31 मार्चच्या आत पगारातून झाली, तर पेरोल तेवढी रक्कम माझ्या त्या वर्षाच्या पगारातून वजा दाखवू शकत होतं, म्हणजे टॅक्सही कमी. हे मी पेरोलच्या माणसाला आधीच फोन करून विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, ‘20 तारखेच्या आत अप्रूव्हल आलं तर होईल. एप्रिलमध्ये गेलं तर ग्रॉस भरावं लागेल.’ एप्रिलमध्ये माझा पगारच 11 दिवसांचा असणार होता. त्यातून वसुली झाली नसती, मला खात्यातून पैसे भरावे लागले असते आणि जुन्या वर्षाचा टॅक्स गेला तो गेला. त्यामुळे माझी खरी डेडलाइन 11 एप्रिल नव्हती, 20 मार्च होती. तुमचं प्रकरण जानेवारी ते मार्चमध्ये असेल, तर हे सगळ्यात आधी विचारा.

एचआरचं पहिलं उत्तर आलं, ‘पॉलिसीनुसार पूर्ण वसुली.’ मॅनेजरने परत मेल केला. मग मीटिंग झाली, आणि त्यात एचआर मॅनेजर म्हणाल्या, ‘आम्ही जास्तीत जास्त निम्मं करू शकतो, दीड लाख.’

इथे बरेच जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. मीही म्हणणार होतो, कारण तीनचे दीड झाले होते. पण माझ्याकडे त्याच ऑफर लेटरचं चौथं पान होतं. त्यात रिलोकेशन अलाउन्सची वसुली तिमाहीच्या हिशोबाने लिहिली होती, म्हणजे तीन महिने पूर्ण झाले की पाव रक्कम माफ. मी म्हटलं, ‘मॅडम, तुमच्याच लेटरमध्ये एका रकमेला तिमाहीची पद्धत आहे. तीच इथे लावा. माझ्या तीन तिमाही पूर्ण झाल्यात, एक राहिली. 75,000 होतात.’ माझ्या 50,000 पेक्षा हे जास्त होतं, पण त्यांना वर सांगायला कंपनीचाच नियम मिळाला. त्या म्हणाल्या, ‘बघते.’

12 मार्चला मेल आला: 75,000, मार्चच्या पगारातून. टॅक्स तेवढा कमी झाला, 23,400 रुपये. म्हणजे माझ्या हातातून प्रत्यक्षात गेले 51,600. तीन लाखांच्या मागणीपासून इथपर्यंत.

पण गोष्ट इथे संपली नाही. 28 मे ला फुल अँड फायनल शीट आली, आणि त्यात जॉइनिंग बोनस रिकव्हरी म्हणून 2,25,000 लिहिलेले! कुणीतरी सिस्टीममध्ये अपवाद टाकलाच नव्हता. सिस्टीमने तीन लाखांतून भरलेले 75,000 वजा केले आणि बाकी माझ्या नावावर लावली. तोपर्यंत माझा ऑफिसचा मेल बंद झाला होता. नशीब, मी 12 मार्चचा तो अप्रूव्हल मेल त्याच दिवशी एचआरला सांगून माझ्या पर्सनल आयडीवर सीसी करवून घेतला होता. तोच पुढे पाठवला आणि आठवड्यात शीट दुरुस्त झाली. फोनवर ‘हो, होऊन जाईल’ एवढंच असतं, तर मी काय दाखवलं असतं?

त्या मेलमध्ये दोन वाक्यं मी मुद्दाम मागून घेतली होती. एक, ‘याव्यतिरिक्त जॉइनिंग बोनसपोटी काही देणं बाकी नाही.’ दुसरं, ‘रिलीव्हिंग लेटर नेहमीप्रमाणे दिलं जाईल.’ ही दोन वाक्यं नसतील, तर सूट मिळाली असं समजू नका.

आणि ज्यांना वाटतं की उत्तरच देऊ नये, त्यांच्यासाठी. माझ्या एका मित्राने तेच केलं. नोटीस अर्धवट सोडली, मेलना उत्तरं दिली नाहीत. सहा महिन्यांनी नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ‘ड्यूज पेंडिंग’ आलं. तोवर त्याचा मॅनेजर कंपनी सोडून गेला होता, त्यामुळे त्याच्या बाजूने मेल टाकायला कोणी उरलं नव्हतं. त्याने पूर्ण रक्कम भरली, ग्रॉस. एक मात्र आहे, अशी वसुली कंपनी तुमच्या पीएफमधून कापू शकत नाही. तसं कोणी म्हणालं तर घाबरू नका.

माझ्या केसमध्ये जमलं, कारण दहा महिने झाले होते आणि मॅनेजर बाजूने होता. चौथ्या महिन्यात सोडत असाल तर उरलेल्या महिन्यांचा हिशोबच मोठा येईल. तिथे रक्कम कमी करण्यापेक्षा नव्या कंपनीकडून ती भरून घ्या, आणि ऑफर साइन करायच्या आधी. तिथेही बघा बरं का, त्या पैशांवर टॅक्स लागणारच आणि बऱ्याचदा त्यांचीही स्वतःची 12 महिन्यांची अट असते.

नव्या ऑफर लेटरवर सही करताना मी पहिल्यांदा तेच पान उघडलं. ‘पूर्ण रक्कम’ खोडून ‘उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ करून मागितलं. एचआरने दोन तासांत नवीन पीडीएफ पाठवली. सही व्हायच्या आधी हे इतकं सोपं असतं.

चला, तुमच्या लेटरमधला क्लॉज काय म्हणतो ते मला पाठवा, कंपनीचं नाव झाकून. पुढच्या वेळी त्यातले दोन-तीन घेऊन बसू. भेटूच!