तीन कोटी सत्तर लाखांत एक



१९९९ साली इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात एक घरफोडी झाली. घटनास्थळी मिळालेला डीएनए पोलिसांनी राष्ट्रीय डेटाबेसमधल्या नमुन्यांशी ताडून पाहिला आणि एक नाव निघालं. तो माणूस राहत होता स्विंडनला, सुमारे तीनशे किलोमीटर दूर. पार्किन्सनचा आजार इतका बळावलेला, की त्याला स्वतःचे कपडेही धड घालता येत नव्हते. तरी त्याच्यावर आरोप ठेवला गेला. डीएनएच्या सहाच्या सहा ठिकाणी जुळणी होती आणि सोबत आकडा होता: तीन कोटी सत्तर लाखांत एक. बचाव पक्षाने आग्रह धरला तेव्हा दहा ठिकाणं तपासली गेली. वाढीव ठिकाणी जुळणी झाली नाही आणि आरोप मागे घेतले गेले.

प्रयोगशाळेने इथे नमुने बदलले नव्हते. सहा ठिकाणची जुळणी खरीच होती. मग चुकलं कुठे, हे आज आपण बघणार आहोत.

आपल्या डीएनएमध्ये काही जागी चार अक्षरांचा एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो. TH01 नावाच्या जागी कुणाकडे तो सहा वेळा येतो, कुणाकडे आठ वेळा. कुणाकडे नऊ पूर्ण शब्द आणि वर तीन अक्षरं असतात. त्याला आम्ही ९.३ म्हणतो. प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, म्हणून प्रत्येक जागेला दोन आकडे. १९९५ साली ब्रिटनचा डेटाबेस सुरू झाला तो अशा सहा जागांवर, शिवाय लिंग सांगणारी एक खूण. १९९९ मध्ये चार जागा वाढवून दहा केल्या. बोल्टनची घटना नेमकी या सांध्यावर घडली.

हे आकडे वाचायचे कसे? पीसीआर करून त्या जागांच्या असंख्य प्रती काढतात. प्रतींना चमकणारा रंग लावलेला असतो. केसासारख्या बारीक नळीतून वीजप्रवाहाने त्या ओढल्या, की लहान तुकडा आधी पोहोचतो, मोठा नंतर. वाटेत लेझर असतो. तुकडा समोरून गेला की रंग चमकतो आणि कागदावर एक शिखर उमटतं. आडव्या अक्षावर तुकड्याची लांबी, उभ्यावर चमक, जिचं एकक आरएफयू. हा इलेक्ट्रोफेरोग्राम. शेजारी ज्ञात आकड्यांच्या तुकड्यांची शिडी धावत असते, तिच्याशी ताडून शिखराला आकडा मिळतो.

आता एक काल्पनिक आलेख घेऊ. TH01 मध्ये दोन शिखरं: ६ ची उंची १४५०, ९.३ ची १३२०. एकाच माणसाच्या दोन प्रती साधारण सारख्या उंचीच्या असतात, आणि इथे त्या तशा आहेत. शेजारी D18S51 मध्ये मात्र तीन शिखरं दिसतात: १३ वर ९५, १४ वर ११८०, १७ वर १०४०. तिसरं कुठून आलं? प्रती काढताना पॉलिमरेज एखाद्या शब्दावर घसरतं आणि एक शब्द कमी असलेला तुकडा तयार होतो. त्यामुळे खऱ्या शिखराच्या एक शब्द अलीकडे बुटकं शिखर येतं, त्याला स्टटर म्हणतात. १३ हे १४ च्या बरोबर एक शब्द अलीकडे आहे आणि त्याच्या आठ टक्के उंच आहे. स्टटर इतपत असतो. म्हणून या जागेचे आकडे १४ आणि १७. तेच शिखर ४०० असतं, तर स्टटर म्हणून सोडून देता आलं नसतं. दुसरं कुणीतरी त्या डागात आहे असा संशय धरावा लागला असता. मिश्र डागात खरी अडचण इथेच येते. दुसऱ्या माणसाचा डीएनए थोडा असेल, तर त्याचं शिखर पहिल्याच्या स्टटरखाली दडतं आणि कागदावरून ते वेगळं काढता येत नाही.

उलट अडचणही आहे. डाग पुसट असेल, तर एखाद्या जागी २२ वर १४० उंचीचं एकच शिखर दिसतं. त्याचा अर्थ दोन्ही प्रती २२ आहेत, की दुसरी प्रत पीसीआरच्या सुरुवातीला सापडलीच नाही? म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःच्या चाचण्यांवरून एक उंची ठरवते. तिच्याखालचं एकटं शिखर जोडीचं मानायचं नाही. उंचीचा हा नियम तपासनिसाने संशयिताचा नमुना बघण्याआधीच लावला पाहिजे. माझा यावर फार भर आहे, कारण आधी संशयिताचा आलेख पाहिला, की डोळे त्यातलीच शिखरं शोधू लागतात.

आता गुणाकार. समजा ६ हा आकडा लोकसंख्येत २० टक्के प्रतींमध्ये आहे आणि ९.३ हा १० टक्के. दोन्ही मिळण्याची शक्यता 2pq, म्हणजे २ × ०.२ × ०.१ = ०.०४, पंचवीसांत एक. सहा जागांची अशी उत्तरं गुणायची. प्रत्येक जागा सरासरी अठरांत एक धरली, तरी गुणाकार सुमारे ३ कोटी ४० लाख येतो. बोल्टनचा आकडा याच जातीचा होता.

या गुणाकारात एक गृहीतक दडलेलं आहे: लोक एकमेकांशी नात्याने जोडलेले नाहीत. आपल्याकडे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होतात आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची चालही आहे, तिथे याकडे फार लक्ष द्यायला हवं. त्यासाठी सुधारणा असते. दोन्ही प्रती सारख्या असतील, तर p² ऐवजी p² + p(1−p)θ वापरतात; इथे θ म्हणजे गटातल्या आपापसातल्या नात्याचं माप. १० टक्क्यांच्या आकड्याला साधं उत्तर शंभरांत एक. लहान, आपापसात लग्नं करणाऱ्या गटासाठी θ ०.०३ धरला तर सुमारे एकोणऐंशींत एक. सख्ख्या भावाचं तर सगळंच वेगळं. वरच्या TH01 च्या उदाहरणात भाऊ जुळण्याची शक्यता साधारण तिघांत एक, आणि सहाही जागा अशाच असतील तर सातशेंत एक. कोटींचा आकडा भावापुढे निरुपयोगी आहे.

आता स्विंडनच्या माणसाकडे परत येऊ. तीन कोटी सत्तर लाखांत एक हे उत्तर एका ठराविक प्रश्नाचं आहे: डाग दुसऱ्याच कुणाचा असेल, तर हा नात्याबाहेरचा माणूस योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? लोकांच्या मनात मात्र प्रश्न असतो, हा माणूस निर्दोष असण्याची शक्यता किती? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५.९ कोटी होती. तिला तीन कोटी सत्तर लाखांनी भागलं, तर तसाच नमुना असलेली आणखी एक-दोन माणसं देशात कुठेतरी असण्याची अपेक्षा ठेवावीच लागते. शिवाय हा माणूस संशयावरून सापडला नव्हता. सुमारे सात लाख नमुने चाळून तो निघाला होता. ज्या डागाचा खरा मालक डेटाबेसमध्ये नाही, अशा प्रत्येक डागामागे चुकीचं नाव निघण्याची शक्यता सुमारे त्रेपन्नांत एक होते. आणि पोलीस असे एक-दोन नव्हे, हजारो डाग ताडत होते.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्येच डोहेनी आणि अ‍ॅडम्स यांच्या निकालात सांगितलं होतं, की तज्ज्ञाने नमुना किती विरळ आहे ते सांगावं, देशात असे किती जण असावेत हेही सांगता आलं तर सांगावं. पण डाग आरोपीचाच आहे की नाही, हे त्याने सांगू नये. ते ज्यूरीने इतर पुराव्यासह ठरवायचं. बोल्टनच्या प्रकरणात तो इतर पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता: तीनशे किलोमीटरचं अंतर आणि शर्टाची बटणं न लावता येणारे हात.