पुढची नोट : बौद्धिक दिव्यांग प्रौढ व्यक्तीचे अर्थशिक्षण
(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ ने दिव्यांग व्यक्तीस आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा समान अधिकार दिला आहे. हा अधिकार व्यवहारात कसा उतरतो, हे एका उदाहरणाने पाहू.

अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण कार्यशाळेत पाकिटे भरण्याचे काम करतो. त्याला दहापर्यंत मोजता येते. वजाबाकी येत नाही. त्याला वजाबाकी शिकविण्यात वर्षे घालविण्याऐवजी ‘पुढची नोट’ ही पद्धत शिकविली जाते. वस्तूची किंमत ३४ रुपये असेल, तर त्याने फक्त ३ हा अंक पाहावा, त्यात एक मिळवावा आणि दहाच्या चार नोटा द्याव्यात. उरलेले पैसे दुकानदार परत करतो. सुरुवातीस त्याच्याजवळ केवळ दहाच्या नोटा आणि शंभराखालील खरेदी असावी. शिक्षक आधी करून दाखवितो, मग केवळ खूण करतो आणि शेवटी दूर उभा राहतो. अनोळखी दुकानात, आठवड्यानंतरही हे जमले, तरच कौशल्य आले असे समजावे.

अंदाजपत्रकही असेच दृश्य असावे. आठवड्याचे ३०० रुपये आठ पाकिटांत विभागले जातात. कामाच्या सहा दिवसांची सहा पाकिटे, प्रत्येकी ३० रुपयांची : बसभाडे २० आणि चहा १०. सातवे पाकीट ६० रुपयांचे, मनाजोगत्या खर्चासाठी. आठवे ६० रुपयांचे, बचतीसाठी. त्याने गुरुवारीच शुक्रवारच्या चहाचे दहा रुपये वेफर्सवर खर्च केले, तर आईने ते भरून देऊ नयेत. एका चहाची उणीव ही स्वस्त शिकवण आहे. मात्र बसभाड्याबाबत हा प्रयोग करू नये.

खरा धोका हिशेबाचा नसून विश्वासाचा असतो. ‘मित्र’ उसने मागतो आणि परत करीत नाही. म्हणून ‘आधी घरी विचारतो’ हे एकच वाक्य अभिनयातून वारंवार घटवून घ्यावे. मोबाइलच्या बाबतीत नियम असा : पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही; कोणी तो मागितला, तर फोन बंद करावा.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय सर्कल’मध्ये मुलाने केलेले प्रत्येक देयक आईच्या मंजुरीनंतरच पूर्ण होईल, अशी सोय आहे. परंतु यात पैसे आईच्या खात्यातून जातात. म्हणून मुलाची मजुरी त्याच्याच नावावरील खात्यात जमा व्हावी. तसे न झाल्यास सुरक्षिततेच्या नावाखाली मालकीच हिरावली जाते. पाकिटांतील रक्कमही त्याने स्वतः त्या खात्यातून काढावी; आई सोबत असावी, पण सही त्याची असावी.