फोन लावण्याआधीच्या चार ओळी

समजा, रात्री साडेअकरा वाजता जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी पुण्यातल्या धाकट्या भावासाठी भलामोठा मेसेज लिहिला आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. 'तू कधीच येत नाहीस, गड्ड्याच्या जत्रेलाही तोंड दाखवून पळालास, वहिनीला तर आम्ही नकोच!' मेसेज पाठवायचा नाही, सकाळी फोन करायचा, असं त्या ठरवतात.

मग तो मेसेज चार ओळींत कागदावर उतरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी बोलण्याचे चार भाग सांगितले होते: काय घडलं, काय वाटतं, कशाची गरज आहे आणि नेमकी विनंती काय.

'कधीच येत नाहीस' याला भाऊ लगेच म्हणेल, 'दिवाळीत आलो होतो की!' आणि भांडण तिथेच पेटेल. म्हणून पहिली ओळ होते: 'या महिन्यात आठही वेळा आईला मीच नेलं.' 'तू दुर्लक्ष केलंस' ही भावना नव्हे, आरोप आहे. भावना एवढीच: 'मी थकले आहे.' गरज: 'मला थोडी विश्रांती हवी.' विनंती मोजता येईल अशी: 'महिन्यातले दोन शनिवार तू येशील का?'

वहिनीचा विषय या कागदावर येत नाही. तो खरा असेलही, पण दोन विषय एकत्र आले की शनिवार बाजूलाच राहतो.

ओळी एकदा मोठ्याने वाचायच्या. जिथे आवाज चढतो, तिथे आरोप उरलेला असतो. ती ओळ पुन्हा लिहायची. फोनवर बोलणं तापलंच तर, म्हणून खाली एक राखीव वाक्यही हवं: 'आत्ता थांबू, संध्याकाळी सातला परत फोन करते.'